सीसीचा हिशेब

स्प्लेंडरला आपल्याकडे सगळे शंभर सीसीची गाडी म्हणतात, पण तिच्या इंजिनाचा खरा आकडा आहे ९७.२. मारुती ८०० ही ७९६ सीसीची होती. जुनी बुलेट ३५० प्रत्यक्षात ३४६ ची, आणि दीडशेची म्हणून विकली जाणारी पल्सर पहिली काही वर्षं १४४ सुद्धा भरत नव्हती. यात फसवणूक नाही. पत्र्यावर लिहिलेलं ते गाडीचं नाव असतं, आणि नावाला गोल आकडा शोभतो. खरा आकडा तीन मापांतून निघतो: सिलिंडरचा आतला व्यास, पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव आणि सिलिंडर किती आहेत ती संख्या. गॅरेजात पहिल्या मापाला बोअर म्हणतात, दुसऱ्याला स्ट्रोक. ही मापं माहीत असली, तर सीसी काढायला शाळेतलं गणित पुरतं.

सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. दांडा वर ओढला की नळीत जेवढी हवा येते, ती नळीच्या रुंदीवर आणि दांड्याच्या धावेवर ठरते. इंजिनातही तेच. पिस्टन सगळ्यात वर असताना आणि सगळ्यात खाली असताना, या दोन टोकांमधली जी जागा तो झाडून काढतो, तिचं घनफळ म्हणजे त्या सिलिंडरचे सीसी, अर्थात घन सेंटिमीटर.

स्प्लेंडरचं करून पाहू. तिचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५. आधी दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्यावीत, म्हणजे ५ आणि ४.९५. व्यास ५, तर त्रिज्या २.५. त्रिज्येचा वर्ग ६.२५, त्याला ३.१४१६ ने गुणलं की १९.६३५ चौरस सेंटिमीटर. हे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ झालं. त्याला ४.९५ च्या धावेने गुणलं की ९७.१९. सिलिंडर एकच असल्यामुळे इथेच थांबायचं. मारुती ८०० मध्ये बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ आणि सिलिंडर तीन होते. याच रीतीने एका सिलिंडरचे २६५.३ सीसी येतात आणि तिनांचे ७९६.

मापं मिलिमीटरमध्येच ठेवली, तर उत्तर घन मिलिमीटरमध्ये येतं आणि त्याला १००० ने भागावं लागतं. पुष्कळजण इथे दहाने भागतात. त्रिज्येच्या जागी व्यास घालणं हीसुद्धा नेहमीची चूक, पण तिच्यात उत्तर चौपट येतं आणि स्प्लेंडर ३८९ सीसीची निघाली की माणूस आपोआप थबकतो. लपून राहणाऱ्या चुका वेगळ्या. सिलिंडरच्या ब्लॉकची उंची मोजून तिलाच स्ट्रोक समजणं ही त्यातली एक. ब्लॉक नेहमी धावेपेक्षा उंच असतो. पिस्टनचा व्यास मोजून त्याला बोअर म्हणणं ही दुसरी. सिलिंडरात मोकळेपणाने सरकता यावं म्हणून पिस्टन मुद्दाम किंचित बारीक केलेला असतो. तिसरी जरा आडवळणाची आहे. क्रँकचा मधला आस आणि क्रँकपिन यांच्यातलं अंतर स्ट्रोकच्या निम्मं असतं. अर्ध्या फेऱ्यात पिन वरून खाली येते, म्हणून पिस्टन त्याच्या दुप्पट सरकतो. ते अंतर दुप्पट न करता वापरलं, तर इंजिन निम्मंच भरतं.

पिस्टन वर टेकल्यावर त्याच्या डोक्यावर जी थोडी पोकळी उरते, जिथे ठिणगी पडते, ती सीसीत धरत नाहीत. ती वेगळी मोजतात, आणि तिच्यावरून कॉम्प्रेशन रेशो ठरतो. लेखात पुढे तिची गरज पडणार आहे.

व्यासाचा वर्ग होतो, धावेचा होत नाही. स्प्लेंडरचा बोअर एक मिलिमीटरने वाढवला तर जवळजवळ चार सीसी वाढतात. स्ट्रोक एक मिलिमीटरने वाढवला तर दोनसुद्धा नाहीत. इंजिन मोठं करायचं असेल तेव्हा हात आधी बोअरकडे जातो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं, की बोअर वाढवायला सिलिंडर आणि पिस्टन बदलले की भागतं, तर स्ट्रोक बदलायचा म्हणजे क्रँकच नवा करायचा.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने नेमका हाच मार्ग आधी घेतला. २००१ साली आलेल्या पल्सर १५० चा बोअर ५७ मिलिमीटर होता आणि स्ट्रोक ५६.४. हिशेब केला तर १४३.९ सीसी. पुढे बोअर एकाच मिलिमीटरने वाढवून ५८ केला, स्ट्रोक ५६.४ चाच ठेवला, आणि इंजिन १४९ सीसीचं झालं. एका मिलिमीटरला पाच सीसी. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं, नाव तर आधीपासून १५० च होतं.

२०१७ साली बीएस-४ चे नियम लागू होत असताना जे इंजिन आलं, ते मात्र निराळ्या घडणीचं होतं. बोअर ५८ वरून ५६ वर उतरला आणि स्ट्रोक ५६.४ वरून ६०.७ वर गेला. आता हिशेब करा: त्रिज्या २.८, तिचा वर्ग ७.८४, क्षेत्रफळ २४.६३, गुणिले ६.०७, उत्तर १४९.५. म्हणजे सीसी जागच्या जागी, पण आडव्या अंगाचं इंजिन उभ्या अंगाचं झालं. बोअर धावेपेक्षा मोठा असेल तर ओव्हरस्क्वेअर आणि धाव मोठी असेल तर अंडरस्क्वेअर किंवा लाँग स्ट्रोक, अशी या दोन घडणींची नावं आहेत.

कंपनीच्या तपशिलात याचा परिणाम दिसतो. जुनं १४९ सीसीचं इंजिन सुमारे १५ पीएस ताकद ९००० आरपीएमला देत होतं आणि टॉर्क १२.५ न्यूटन मीटर, ६५०० ला. नव्याची ताकद १४ पीएस, ८००० ला, पण टॉर्क १३.४, तोही ६००० लाच. थोडक्यात, नवं इंजिन धापा न टाकता खालच्या फेऱ्यांत जोर लावतं, पण वरच्या फेऱ्यांत जुन्याएवढं पळत नाही.

यावर गॅरेजात एक ठरलेलं उत्तर मिळतं: स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकचा हात लांब, हात लांब म्हणजे टॉर्क जास्त. ऐकायला पटतं, पण हिशेबात टिकत नाही. क्रँकचा हात २८.२ मिलिमीटरवरून ३०.३५ झाला, हे खरं. पण ज्या पिस्टनवर जाळाचा दाब पडतो, त्याचा माथा २६.४२ चौरस सेंटिमीटरवरून २४.६३ वर आला. हात साडेसात टक्क्यांनी लांबला आणि त्याच्यावरचा जोर जवळपास सात टक्क्यांनी घटला. गुणाकार पाहिला तर पूर्वी ७४.५ आणि आता ७४.८, म्हणजे तेवढाच. तसाच तो येणार, कारण पिस्टनचा माथा आणि क्रँकचा हात यांचा गुणाकार म्हणजे सीसीचा अर्धा भाग. सीसी सारखे असतील आणि आतला दाब सारखा असेल, तर टॉर्कही सारखाच. बोअर-स्ट्रोकची वाटणी कशीही करा. टॉर्क वाढला तो सिलिंडर खालच्या फेऱ्यांना अधिक चांगला भरतो म्हणून, आणि तशी जुळवणी मुद्दाम केली म्हणून.

मग स्ट्रोक लांबवून बदललं काय? पिस्टनचा वेग. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर येतो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. जुन्या ५६.४ च्या धावेत पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.९ मीटर होता. ६०.७ ची धाव त्याच फेऱ्यांवर नेली असती, तर तो १८.२ मीटर झाला असता. प्रत्येक टोकाला पिस्टनला थांबून उलट वळायचं असतं. वेग वाढला की कनेक्टिंग रॉडवरचा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि रिंगा जास्त घासतात. ८००० फेऱ्यांना नव्या इंजिनाचा वेग १६.२ मीटर पडतो, म्हणजे जुन्याच्या मर्यादेतच. शिवाय बोअर अरुंद झाला की वरच्या झडपांना जागाही कमी मिळते.

आता एक पीएस कुठे गेला, तेही सांगता येतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं. जुनं इंजिन ९००० ला मिनिटाला ४५०० वेळा १४९ सीसी ओढायचं. सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तर सुमारे ६७० लिटर. नवं ८००० ला चार हजार वेळा १४९.५ सीसी ओढतं, म्हणजे ५९८ लिटर. मिनिटाला जाळायला हवाच कमी मिळाली, तर ताकद कमी होणार. सीसी हे एका घासाचं माप आहे, दिवसभराच्या जेवणाचं नाही. अरुंद सिलिंडरात जाळाची जागा आटोपशीर असते, भिंतींवर विझणारं पेट्रोल कमी आणि धूर साफ. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी अशा लांब धावेच्या इंजिनांची चलती का वाढली, ते यावरून लक्षात येतं.

आता सरकारकडे वळू, कारण आपल्याकडच्या गाड्यांचे सीसी जितके इंजिनियर ठरवतात तितकेच कायदाही ठरवतो. २००६ पासून आपल्या अबकारी करात छोट्या पेट्रोल मोटारीची व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत. मारुतीची स्विफ्ट तेव्हा १२९८ सीसीची होती. २०१० मध्ये तिला नवं इंजिन मिळालं, बोअर ७३, स्ट्रोक ७१.५, चार सिलिंडर. गुणाकार करा, ११९७. २०२४ मध्ये आणखी नवं इंजिन आलं, बोअर ७४, स्ट्रोक ९२.८, सिलिंडर तीन. पुन्हा गुणाकार करा, पुन्हा ११९७. एक सिलिंडर कमी झाला आणि उरलेल्या तिघांनी त्याचा वाटा बरोबर उचलला. रेषा १२०० वर आखली की गाड्या ११९७, ११९८, ११९९ वर येऊन उभ्या राहतात, यात नवल नाही.

महिंद्राच्या बाबतीत हीच रेषा रातोरात आखली गेली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींच्या नोंदणीवर बंदी घातली. नाशिकची स्कॉर्पिओ आणि चाकणची एक्सयूव्ही ५०० या दोन्हींमध्ये २१७९ सीसीचं एमहॉक इंजिन होतं: बोअर ८५, स्ट्रोक ९६, चार सिलिंडर. रेषेखाली यायला १८० सीसी कमी करायचे होते. बोअर तसाच ठेवला तर स्ट्रोक ८८ मिलिमीटरवर आणावा लागतो, म्हणजे आठ मिलिमीटर छाटायचे. स्ट्रोक तसाच ठेवला तर बोअर ८१.४ वर आणून भागतं, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. वर्गाची करामत इथेही आहेच. जानेवारी २०१६ मध्ये, काही आठवड्यांतच, महिंद्राने १९९० सीसीचं इंजिन बाजारात आणलं, आणि जाहीर केलेली ताकद पूर्वीएवढीच होती. हे जमलं, कारण ही टर्बोची इंजिनं आहेत. टर्बो सिलिंडरात हवा दाबून भरतो आणि दाबलेली हवा सीसीच्या हिशेबात कुठेच येत नाही. न्यायालयाला रोखायचा होता धूर आणि मोजली गेली पोकळी. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर लावून ती बंदी उठवण्यात आली. माझ्या मते सीसीवर आखलेल्या कोणत्याही रेषेचं शेवटी हेच होतं. माप सोपं आहे म्हणून ते वापरलं जातं, योग्य आहे म्हणून नाही.

मोटारसायकलींसाठी आजची रेषा ३५० वर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर ४०. नव्या बुलेट आणि क्लासिक ३५० मध्ये बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ आहे, म्हणजे ३४९.३ सीसी. रेषेपर्यंत पाऊण सीसीही शिल्लक नाही. बोअरच्या भाषेत सांगायचं तर ०.०७ मिलिमीटर.

आणि इथे गॅरेजातली एक गंमत आहे. इंजिन झिजलं की सिलिंडर बोअर करतात, म्हणजे आतून एकसारखा कापून किंचित मोठा करतात आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. हे पिस्टन साधारणपणे ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. वरच्या ७२ च्या बोअरवर पहिल्याच टप्प्याचा, ७२.२५ चा हिशेब केला तर ३५१.८ सीसी येतात. कर विक्रीच्या वेळी लागतो, त्यामुळे त्याचा जाब कुणी विचारत नाही. स्प्लेंडरला एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसला की ती १०१.१ सीसीची होते, म्हणजे म्हातारपणी तिला शंभर पूर्ण होतात! आरसीवर मात्र जुनाच आकडा राहतो.

या चार सीसींमुळे गाडी जोरात पळेल, असं मानू नका. सुरुवातीला बाजूला ठेवलेली वरची पोकळी इथे कामाला येते. समजा स्प्लेंडरचा कॉम्प्रेशन रेशो नऊ आहे. मग ती पोकळी १२.१५ सीसीची निघते. बोअर वाढला तरी हेड तेच असल्यामुळे पोकळी जवळपास तेवढीच राहते, आणि रेशो नऊवरून ९.३ च्या आसपास जातो. रस्त्यावर हे जाणवणारही नाही. काम केल्यावर गाडी हलकी पळते ती नव्या रिंगा घट्ट बसल्यामुळे.

सिलिंडर बोअर करायचा की नाही, हे मापावर ठरलं पाहिजे, नुसत्या धुरावर नाही. निळसर धूर आणि सारखं ऑइल घालावं लागणं ही लक्षणं खरी, पण ऑइल झडपांच्या सीलमधूनही गळतं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे उलट वळते, तिथे झीज सर्वांत जास्त, म्हणून वरच्या काठाखाली एक पायरी तयार होते आणि ती नखाला लागते. शिवाय पिस्टन ज्या दोन बाजूंना दाबला जातो, तिकडे भोक जास्त पसरतं आणि गोल राहत नाही. त्यामुळे लेथवाल्याने बोअर गेज लावून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावं लागतं. सीसी काढायला एक माप पुरतं. सिलिंडर पास करायला सहा लागतात. काही नव्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या भिंतीवर कठीण मुलामा असतो. तो कापला की संपला, असा सिलिंडर बदलावाच लागतो.

जुनी मोटारसायकल घेताना किलोमीटरचा काटा पाहता, तसं इंजिन पूर्वी उघडलं होतं का आणि सध्या कोणत्या साइजचा पिस्टन आहे, तेही विचारा. गाडी कामाला दिली असेल तर जुना पिस्टन परत मागा. ओव्हरसाइज असेल तर त्याच्या माथ्यावर बहुधा ५० किंवा ०.५० असा ठसा असतो. एक मिलिमीटरचा शेवटचा टप्पा आधीच बसलेला असेल, तर पुढच्या वेळी नवा लायनर किंवा नवा ब्लॉक घ्यावा लागेल, आणि तो खर्च धरूनच गाडीची किंमत ठरवा.